ओटीपोटात दुखतं म्हणून आलेल्या तरुणीला परत पाठवण्याआधी

सर्व फॅमिली डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी वंध्यत्वावर उपचार करते. दोन्ही गर्भनलिका बंद निघालेल्या बायका शेवटी माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतात. पण त्या नळ्या खराब होतात चार-पाच वर्षं आधी, आणि त्या काळात ती बाई तुमच्यापैकी कुणाकडे तरी येऊन गेलेली असते. कधी लघवीच्या जळजळीसाठी, कधी अंगावरून पांढरं जातं म्हणून, कधी नुसतंच ओटीपोटात जड वाटतं म्हणून. माझ्याकडे येईपर्यंत त्या दुखण्याचं नावही तिच्या लक्षात नसतं. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे.

क्लॅमिडिया हा चोरपावलांनी येणारा आजार आहे, असं आपण सगळे शिकलो आणि ते खरंही आहे. गर्भाशयमुखात हा जंतू शिरला तरी दहापैकी सात-आठ बायकांना काहीच जाणवत नाही. पुरुषांतही निम्म्याहून कमी जणांना त्रास होतो. पण संसर्ग गर्भाशयमुखातून वर चढून नळ्यांपर्यंत पोचला की तो दरवेळी तितका मुका राहत नाही. ‘आधी कधी पीआयडी झाला होता का?’ असं विचारलं की नळ्या बंद असलेली बाई ‘नाही’ म्हणते. तोच प्रश्न ‘लग्नाआधी किंवा नंतर ओटीपोट दुखतं म्हणून कधी डॉक्टरकडे गेला होतात का? संबंधांनंतर कधी रक्ताचा डाग दिसला होता का?’ असा विचारला, तर बऱ्याच जणींना काही ना काही आठवतं. तिने सांगितलेलं असतं, पण त्याचा धागा कुणी धरलेला नसतो.

एक केस सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, पण घटनाक्रम नेहमीचाच आहे.

एकोणतीस वर्षांची बाई, तीन वर्षं मूल होत नाही म्हणून आली. पाळी नियमित, हार्मोन ठीक, नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट चांगला. एचएसजी केली तर रंगद्रव्य गर्भाशयातून दोन्ही नळ्यांत शिरलं, पण टोकाशी जाऊन साचलं. दोन्ही बाजूंना शेवट फुगलेला आणि पोटात एक थेंबही सांडलेला नाही. तिच्या फाइलमध्ये सुदैवाने जुने कागद होते. त्यावरून मागे जात गेलं की पाच वर्षांपूर्वीच्या तीन भेटी सापडतात.

पहिली भेट: लग्नाला चार महिने झालेले, लघवीला जळजळ. लघवीच्या तपासणीत पस सेल्स १५ ते २०, कल्चरमध्ये मात्र काहीच वाढलेलं नाही. नायट्रोफ्युरंटॉइन लिहून दिलं. जळजळ जरा कमी झाली.

दुसरी भेट सहा आठवड्यांनी, दुसऱ्या डॉक्टरांकडे. ओटीपोटात ठसठस, संबंधांच्या वेळी आत खोल दुखणं आणि नंतर रक्ताचा डाग. ताप नाही. सोनोग्राफी केली, ती ‘नॉर्मल’. पोटदुखीची गोळी, योनीत ठेवायच्या गोळ्या आणि पाच दिवस सेफिक्झिम. कागदावर आतून तपासल्याची नोंद नाही. तिला विचारलं तर ती म्हणाली, ‘नाही, पोटावरूनच बघितलं होतं.’

तिसऱ्या भेटीत दुखणं कमी झालं होतं, पण पाळीच्या अधेमधे डाग पडत होते. ‘टेन्शनने होतं, नवीन संसार आहे’ असं सांगून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पुढे सगळं आपोआप थांबलं. ती बरी झाली असंच सगळ्यांना वाटलं, तिला स्वतःलासुद्धा.

दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये पातळ, ताणलेल्या तारांसारख्या चिकटलेल्या पट्ट्या होत्या. खाली नळ्यांची झालरीसारखी टोकं, जी मोकळी असतील तरच अंडं पकडतात, ती आत दुमडून बंद झालेली. मिथिलिन ब्ल्यू सोडल्यावर नळी टोकाशी निळी होऊन टम्म फुगली, पण बाहेर काही आलं नाही. त्या वेळी कोणतीही तपासणी केली असती तरी जंतू सापडण्याची शक्यता कमीच होती, कारण तो बहुधा कधीच निघून गेला होता.

आत काय झालं असेल ते थोडं उलगडून सांगते, कारण पुढच्या सगळ्या विनंत्या त्यावर उभ्या आहेत. क्लॅमिडिया पेशीच्या बाहेर वाढत नाही. तो पेशीत शिरतो, आत एका पिशवीत आपल्या प्रती काढतो आणि साधारण ४८ ते ७२ तासांत पेशी फोडून किंवा तिच्यातून सटकून शेजारच्या पेशींत जातो. नळीच्या आतल्या अस्तरात केसांसारख्या हलणाऱ्या पेशी असतात. अंडं आणि गर्भ गर्भाशयाकडे सरकवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. संसर्ग झालेल्या पेशी स्वतःच दाह पेटवणारी रसायनं सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि लढाईत हे अस्तर झडतं. जंतू मेल्यावरही व्रण भरण्याचं काम चालू राहतं, आणि त्या भरण्यातच नळीची टोकं चिकटतात. म्हणजे नळी बंद होते ती बऱ्याच अंशी शरीराच्या प्रतिकारामुळे. यातून दोन गोष्टी निघतात. एक, उपचार लवकर झाला तरच उपयोग, कारण झडलेलं अस्तर औषध परत आणत नाही. दोन, संसर्ग पुन्हा झाला तर प्रत्येक वेळी नुकसानीत भर पडत जाते. नळी पूर्ण बंद न होता अर्धवट खराब झाली तर गर्भ वाटेतच अडकतो, आणि मग गर्भनलिकेतल्या गर्भधारणेचा, म्हणजे प्रसंगी जिवावर बेतणारा धोका राहतो.

आता त्या तीन भेटींकडे परत येते, कारण तिन्हीत पाणी मुरलेलं आहे.

तरुण, शरीरसंबंध असलेल्या बाईला लघवीला जळजळ आहे, पस सेल्स भरपूर आहेत आणि कल्चर कोरं आहे, तर तो रिपोर्ट बाजूला ठेवायचा नसतो. अगोदर अँटिबायोटिक घेतलं होतं का, हे विचारावं, कारण त्यामुळेही कल्चर कोरं येऊ शकतं. ते नसेल तर मूत्रमार्गातला क्लॅमिडिया हे एक मोठं कारण उरतं. हा जंतू नेहमीच्या कल्चर प्लेटवर वाढतच नाही. नायट्रोफ्युरंटॉइन काम करतं ते मुख्यतः लघवीत, आणि इथे संसर्ग अस्तराच्या पेशींमध्ये आहे. सेफिक्झिमही क्लॅमिडियावर चालत नाही. गंमत अशी की दोन्ही औषधांनंतर रुग्णाला थोडं बरं वाटू शकतं, कारण हा त्रास तसाही चढ-उतारांचा असतो, आणि आपण निर्धास्त होतो.

दुसऱ्या भेटीत खरी संधी होती. ओटीपोटात दुखणं, आत खोल दुखणारे संबंध आणि नंतर रक्त, एवढं ऐकल्यावर आतून तपासणी झालीच पाहिजे. तिची संमती घेऊन, सोबतीला स्त्री कर्मचारी ठेवून, दोन मिनिटांचं काम आहे. गर्भाशयमुख बोटांनी बाजूला हलवल्यावर दुखतं का, गर्भाशय दाबल्यावर दुखतं का, बाजूला नळ्या-अंडाशयांच्या जागी दुखतं का, एवढंच बघायचं. या तिन्हींपैकी एकही असेल, दुखण्याचं दुसरं स्पष्ट कारण नसेल आणि बाई संसर्गाच्या शक्यतेच्या वयात असेल, तर पीआयडी धरून उपचार सुरू करायचे, असं आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ताप नसणं, पांढऱ्या पेशी न वाढणं किंवा सोनोग्राफी नॉर्मल असणं यातलं काहीही पीआयडी नाही असं सांगत नाही. सोनोग्राफी गळू किंवा फुगलेली नळी दाखवते. सुरुवातीचा दाह तिला बहुतेक वेळा दिसतच नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे काही नाही’ हे वाक्य मला जुन्या कागदांवर इतक्या वेळा दिसतं की आता त्याचा रागही येईनासा झालाय.

इतका सैल निकष लावला तर पीआयडी नसलेल्या काही जणींनाही औषध जाईल, हे मान्य. पण हिशेब असा आहे की चौदा दिवसांच्या गोळ्या विनाकारण घेतल्याने मळमळ होईल, पोट बिघडेल. चुकलेला पीआयडी मात्र नळ्या नेतो. याच कारणाने खात्री होईपर्यंत थांबायचं नसतं. लुंड या स्वीडिश शहरातल्या रुग्णांच्या नोंदींवरून १९९३ मध्ये असं दिसलं होतं की दुखणं सुरू झाल्यावर तीन दिवस किंवा त्याहून उशिरा उपचारांपर्यंत पोचलेल्या बायकांमध्ये पुढे वंध्यत्व किंवा नळीतली गर्भधारणा होण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं.

उपचार सुरू करण्याआधी लघवीची गर्भचाचणी नक्की करा. ओटीपोट दुखणारी, डाग पडणारी बाई गरोदर असेल तर सगळा विचारच बदलतो आणि डॉक्सिसायक्लिनही देता येत नाही. अपेंडिक्स, अंडाशयाचा पीळ हे डोक्यात असू द्या. ते नसेल आणि बाईची तब्येत बरी असेल, तर घरी राहून घ्यायचे उपचार पुरतात. अमेरिकेच्या सीडीसीच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे सेफ्ट्रिॲक्सोन ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन स्नायूत, सोबत डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन्ही चौदा दिवस. तुमच्या भागातल्या सूचनांत थोडा फरक असू शकतो, तत्त्व तेच. एकाच जंतूवर नेम धरायचा नाही. क्लॅमिडिया, गोनोरिया आणि ऑक्सिजनविना वाढणारे जंतू तिन्ही झाकले गेले पाहिजेत, कारण नळीत ते बऱ्याचदा एकत्र असतात. दुखणं तिसऱ्या दिवशी थांबतं आणि गोळ्या पाचव्या दिवशी बंद होतात, हा सगळ्यात नेहमीचा घोळ. म्हणून ‘बरं वाटलं तरी चौदा दिवस’ हे लिहून द्या आणि तोंडीही सांगा.

७२ तासांनी तिला परत बोलवा. तोवर दुखणं स्पष्ट कमी झालं नसेल तर निदान चुकलंय किंवा गळू झालंय असं समजून पुढच्या तपासण्या करायच्या. खूप ताप, सतत उलट्या, गरोदरपण, नळी-अंडाशयाचं गळू, किंवा शस्त्रक्रियेची गरज नाही याची खात्री नसणं, अशा वेळी भरती करायची.

स्वॅब उपचारांआधी घ्यायचा, पण उपचार रिपोर्टसाठी थांबवायचे नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून गोळ्या बंदही करायच्या नाहीत. पीआयडी झालेल्या अनेक बायकांमध्ये क्लॅमिडिया किंवा गोनोरिया सापडत नाही. कधी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम असतो, कधी योनीतलेच जंतू वर गेलेले असतात, कधी जंतू नळीत असतो आणि गर्भाशयमुखातून आधीच नाहीसा झालेला असतो.

आता नवऱ्याकडे, किंवा जो कोणी जोडीदार असेल त्याच्याकडे. या आजारात आपण सगळ्यात जास्त कमी पडतो ते इथे.

माझ्या त्या रुग्णाच्या नवऱ्याला कधी कुणी तपासलंच नव्हतं. त्याला काही त्रास नव्हता. समजा, दुसऱ्या भेटीत तिला योग्य औषध मिळालं असतं, तरी पंधरा दिवसांनी संसर्ग त्याच्याकडून परत तिच्याकडे आला असता आणि आपण म्हटलं असतं की औषध लागू पडलं नाही. लुंडच्याच त्या प्रसिद्ध अभ्यासात, जो १९९२ मध्ये छापून आला, दुर्बिणीतून पीआयडी नक्की झालेल्या बायकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला होता. एकदा पीआयडी झालेल्यांत नळ्यांमुळे मूल न होण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, दोनदा झालेल्यांत १९.५ टक्के, आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के. हे आकडे वाचताना पहिल्या ८ टक्क्यांपेक्षा मला पुढची चढण महत्त्वाची वाटते, कारण दुसरी आणि तिसरी खेप अडवणं आपल्या हातात असतं. निदान एकदा झालेलं असतं, बाई समोर बसलेली असते.

तिला लक्षणं सुरू होण्याआधीच्या साठ दिवसांत ज्यांच्याशी संबंध आले त्या सगळ्या जोडीदारांना तपासायचं आणि त्यांना लक्षणं नसली तरी उपचार द्यायचे. गुंतागुंत नसलेल्या क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, सात दिवस. पुरुषाला स्वॅबची गरज नाही, लघवीची पहिली धार पुरते, फक्त त्याआधी तासभर लघवीला गेलेला नसावा. जोडीदाराच्या गोळ्या पूर्ण होईपर्यंत आणि तिचा त्रास थांबेपर्यंत संबंध नकोत.

हे बोलणं अवघड असतं, कारण लगेच प्रश्न येतो: ‘कुणाकडून आलं?’ संसार मोडायला एवढा प्रश्न पुरतो. म्हणून खरं तेच, पण नीट सांगा. हा जंतू उपचाराविना कित्येक महिने, काहींमध्ये वर्षाहूनही जास्त काळ काहीही न दाखवता राहू शकतो. आजच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून संसर्ग कधी झाला आणि दोघांपैकी आधी कुणाला झाला, हे सांगता येत नाही. मी दोघांना एकत्र बसवण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलते. पुष्कळ वेळा नवरा एकटा असताना ‘दोन वर्षांपूर्वी जळजळ झाली होती, मेडिकलमधून गोळ्या घेतल्या होत्या’ असं सांगतो, आणि तेवढं माझ्या कामाला पुरतं. बाकीच्या चौकशीत मला रस नाही.

उपचारांनंतर तीन महिन्यांनी तिची पुन्हा तपासणी करायची, जोडीदाराने गोळ्या घेतल्या असं तो शपथेवर सांगत असला तरी. हे करायचं ते औषध लागू पडलं का ते बघायला नाही, नवा संसर्ग झाला का ते बघायला. उलट चार आठवड्यांच्या आत तपासलं तर मेलेल्या जंतूंचे अवशेष पकडून रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. गरोदर बाईचं वेगळं आहे. तिला ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅमचा एकच डोस देतात, साधारण चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघतात.

इथवर मी लक्षणं असलेल्या बाईबद्दल बोलले. ज्या दहातल्या सात-आठ जणींना काहीच होत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी चाचणीशिवाय मार्ग नाही. शरीरसंबंध असलेल्या पंचवीस वर्षांखालच्या मुलींची वर्षातून एकदा, आणि त्यापुढच्या वयात नवा जोडीदार, एकाहून अधिक जोडीदार किंवा जोडीदाराला असा संसर्ग असेल तर, अशी सीडीसीची शिफारस आहे. तरुण वयावर भर का, तर त्या वयात गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावरही अशा पेशी असतात ज्या या जंतूला आवडतात, आणि त्या वयात जोडीदारही बदलतात. तपासणी जंतूचा जनुकीय अंश शोधणारी, म्हणजे पीसीआरच्या जातीची असावी. रक्तातल्या अँटिबॉडीवरून आजच्या संसर्गाचं निदान करू नका. त्या जुना संसर्गही दाखवतात आणि न्यूमोनिया करणाऱ्या भावंड-जंतूमुळेही वाढलेल्या दिसतात. वंध्यत्वाच्या तपासणीत, नळ्या खराब असण्याची शक्यता किती, याचा अंदाज घ्यायला त्यांचा थोडा उपयोग होतो, तेवढाच.

स्वॅबसाठी बाईला टेबलावर झोपवायचीही गरज नाही. योनीतला स्वॅब तिने स्वतः बाथरूममध्ये घेतला तरी डॉक्टरने घेतलेल्याइतकाच विश्वासार्ह असतो. कांडी साधारण दोन इंच आत, दहा ते तीस सेकंद फिरवायची, नळीत टाकून झाकण लावायचं. बायकांमध्ये लघवीपेक्षा हा नमुना सरस. तपासणीला लाजून न येणाऱ्या मुली याला तयार होतात.

स्क्रीनिंगचा उपयोग किती, याचं प्रामाणिक उत्तर मला द्यायला हवं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका चाचणीत सुमारे अडीच हजार विद्यार्थिनींनी स्वतः घेतलेले स्वॅब दिले. निम्म्यांचे लगेच तपासून उपचार केले, उरलेल्यांचे साठवून वर्षाने तपासले. साठवलेल्यांपैकी ज्यांना सुरुवातीला क्लॅमिडिया होता, त्यांच्यातल्या ९.५ टक्के मुलींना त्या वर्षात पीआयडी झाला. लगेच उपचार मिळालेल्यांत १.६ टक्के. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण त्याच वर्षात झालेल्या एकूण पीआयडींपैकी बहुतेक सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्या मुलींना झाले. म्हणजे एकदा तपासून फाइल बंद करण्यात अर्थ नाही. जोडीदार बदलला की चाचणीचा जुना कागद शिळा होतो. आणि कंडोम, तो नीट आणि दरवेळी वापरला तर धोका बराच कमी करतो. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबी हे करत नाहीत, हे मुलींना मोकळेपणाने सांगावं लागतं, कारण त्यांच्या मनात ‘सुरक्षित’ म्हणजे दिवस न राहणं एवढंच असतं.

इथे आपल्या एका सवयीबद्दल बोलते. आपण ‘लग्न झालंय का?’ विचारतो आणि उत्तर ‘नाही’ आलं की हा सगळा विभागच वहीतून गळतो. प्रश्न शरीरसंबंधांचा आहे, लग्नाचा नाही. तो आईसमोर विचारला तर खरं उत्तर येणार नाही, म्हणून आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगावं लागतं. मी तर ‘तपासणीचा भाग आहे’ म्हणून सरसकट सगळ्यांच्याच सोबत्यांना बाहेर पाठवते, म्हणजे कुणाला वेगळं वागवल्यासारखं वाटत नाही.

गर्भाशयमुखातून काहीही आत घालण्याआधी ही चौकशी आणखी महत्त्वाची. तांबी बसवल्यानंतर पीआयडीचा धोका वाढतो तो मुख्यतः पहिल्या तीन आठवड्यांत, आणि तो बहुतेक आधीच असलेल्या संसर्गामुळे. धोक्याच्या गटातल्या बाईचा स्वॅब तांबी बसवतानाच घेता येतो, त्यासाठी तांबी पुढे ढकलायला नको. गर्भाशयमुखातून पू येत असेल किंवा संसर्ग माहीत असेल तर मात्र आधी उपचार. गर्भपातानंतर आणि एचएसजीनंतरही सुप्त संसर्ग वर ढकलला जाऊ शकतो. आधी पीआयडी झालेल्या किंवा नळी फुगलेली दिसणाऱ्या बाईला एचएसजीच्या वेळी डॉक्सिसायक्लिन दिली जाते ती यासाठीच.

प्रत्येक बंद नळीचं खापर क्लॅमिडियावर फोडू नका, हेही सांगायला हवं. क्षयरोग, फुटलेलं अपेंडिक्स, एंडोमेट्रिओसिस, बाळंतपणानंतरचा किंवा गर्भपातानंतरचा संसर्ग, यांनीही नळ्या जातात. एचएसजीची फिल्म बघून ‘तुम्हाला गुप्तरोग झाला होता’ असं बाईला सांगितल्याचं मी ऐकलंय. फिल्म तसं काही सांगत नाही.

माझ्या त्या रुग्णाचं पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे तुमच्या टेबलावरचा निर्णय माझ्या टेबलावर कसा दिसतो ते कळेल. नळ्या उघडण्याचा प्रयत्न करता आला असता, पण आतलं अस्तर सपाट झालेलं होतं. अशी नळी उघडली तरी पुन्हा चिकटते किंवा त्यात गर्भ अडकतो. थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे जावं तर फुगलेल्या नळीतलं पाणी गर्भाशयात झिरपत राहतं आणि गर्भ रुजण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर आणतं. म्हणून मूल हवं असलेल्या बाईला आधी सांगावं लागलं की तुमच्या दोन्ही नळ्या काढून टाकू या. तिने आणि तिच्या नवऱ्याने संमती द्यायला दोन महिने घेतले. त्या दोन महिन्यांत तिने मला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला: ‘तेव्हा कळलं असतं तर?’ आणि मला तिला खरं तेच सांगावं लागलं, की तेव्हा कळण्यासारखं होतं.

तेव्हा उद्या ओपीडीत पस सेल्स भरपूर आणि कल्चर कोरं असा रिपोर्ट घेऊन कुणी आली, तर नवं अँटिबायोटिक लिहिण्याआधी डाग पडतात का, संबंधांच्या वेळी दुखतं का, हे विचारा. स्वॅब पाठवा, आतून तपासा, आणि तिच्या कागदावर तीन महिन्यांनंतरची तारीख जोडीदाराच्या उपचारांच्या नोंदीसोबत लिहून द्या. त्या तारखेला ती आली नाही, तर एक फोन करायला स्वागतकक्षातल्या ताईंना सांगून ठेवा.

आपली सहव्यावसायिक,
एक वंध्यत्वतज्ज्ञ